पहाटेचा व्यायाम आणि रात्रीची पोळी : कर्बोदके नेमकी केव्हा खावीत?

दिवाळी सरली की मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर पहाटे पाच वाजता धावणारी माणसे वाढू लागतात, कारण जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणारी मुंबई मॅरेथॉन जवळ आलेली असते. त्याच सुमारास व्यायामशाळांमध्ये आणि मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींमध्ये एक जुना वाद नव्याने रंगतो. एक जण ठामपणे सांगतो की पहाटे उपाशीपोटीच व्यायाम करावा, म्हणजे चरबी जळते. दुसरा तेवढ्याच ठामपणे सांगतो की केळे खाल्ल्याशिवाय वजनाला हात लावू नये. ज्याला साडेसातची लोकल पकडून नऊ वाजता कचेरीत हजर व्हायचे आहे, त्याने यांपैकी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न तसाच राहतो.

माझी एक मावसबहीण डोंबिवलीत राहते आणि मुंबईत एका बँकेत काम करते. वय 38, वजन 58 किलो. पहाटे 4:50 ला उठून ती साडेपाच ते साडेसहा व्यायाम करते. मंगळवारी आणि गुरुवारी वजने उचलते, सोमवारी आणि बुधवारी सहा किलोमीटर सावकाश धावते आणि शनिवारी 14 किलोमीटरची लांब धाव घेते. तिच्या दोन तक्रारी होत्या. एक म्हणजे स्क्वॉटचा तिसरा सेट संपवून दांडी स्टँडवर ठेवली की तिला गरगरायचे. दुसरी म्हणजे शनिवारी दहाव्या किलोमीटरनंतर तिचे पाय दगडासारखे जड व्हायचे. या दोन्हींचे कारण तिने स्वतःच ठरवून टाकले होते : ‘‘पहाटे पोटात काही नसतं ना, म्हणून.’’ त्यातली एक तक्रार पोटात काही नसण्याशी जवळजवळ संबंधित नव्हती आणि दुसरीचा संबंध पहाटेशी नसून आदल्या रात्रीशी होता. हा लेख मुख्यतः तेवढीच उकल करणार आहे.

## साठा कुठे असतो?

पोळी, भात, पोहे, फळे, साखर, गूळ यांतला जो भाग पचून शेवटी ग्लुकोज या साध्या साखरेत बदलतो, त्याला कर्बोदके म्हणतात. तात्काळ लागणारे ग्लुकोज रक्तात फिरत राहते आणि उरलेले शरीर ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवते. हा साठा दोन ठिकाणी असतो : यकृतात आणि स्नायूंमध्ये. पहाटेच्या व्यायामाबद्दलचे बहुतेक गैरसमज हे दोन साठे एकच मानल्यामुळे होतात.

आपल्या सोसायटीच्या पाण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणली तर फरक पटकन लक्षात येईल. गच्चीवर एक सामायिक टाकी असते आणि तिचे पाणी सगळ्या बिऱ्हाडांना जाते. शिवाय प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या मोरीत स्वतःचे पिंप भरून ठेवलेले असते. पिंपातले पाणी त्या घरापुरतेच. ते उलटे गच्चीवर चढवता येत नाही. यकृत ही गच्चीवरची टाकी आहे. चांगले जेवण झाल्यावर तिच्यात साधारण 80 ते 100 ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि ते ग्लुकोजच्या रूपाने रक्तात सोडून यकृत सगळ्या शरीराला पुरवते. स्नायू म्हणजे घरोघरची पिंपे. सगळ्या स्नायूंचे मिळून 300 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन असते, परंतु ते रक्तात परत सोडण्यासाठी लागणारे एन्झाइम स्नायूंपाशी नसल्यामुळे ज्या स्नायूचा साठा, तो त्यालाच वापरावा लागतो.

1966 साली स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघा शास्त्रज्ञांनी हे स्वतःच्या पायांवर करून पाहिले. एकच सायकल, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक जण, आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारायचे. थकेपर्यंत हे केल्यावर त्यांनी काही दिवस कर्बोदकांचा भरपूर आहार घेतला आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून मोजणी केली. ज्या पायाने काम केले होते, त्याचा साठा आधीपेक्षा खूपच वर चढला. आराम केलेला पाय जवळजवळ होता तिथेच राहिला. पिंप रिकामे करणाऱ्याचेच पिंप पुन्हा काठोकाठ भरते, असा त्याचा अर्थ.

## झोपेत काय संपते?

रात्री सगळी बिऱ्हाडे झोपलेली असतात, पण मेंदू नावाच्या बिऱ्हाडाचा नळ चालूच राहतो. मेंदूला ताशी साधारण 5 ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि जेवण पचून झाल्यावर ते यकृतालाच पुरवावे लागते. त्यामुळे सकाळी उठेपर्यंत गच्चीवरची टाकी सुमारे निम्म्यावर, काही जणांची त्याहूनही खाली आलेली असते. ती कोरडी पडत नाही, कारण यकृत दुसरीकडून कच्चा माल घेऊन नवे ग्लुकोजही तयार करत राहते. टाकी उतरली की सोसायटी टँकर मागवते, तसेच काहीसे.

पायांची पिंपे मात्र या सगळ्यात हलत नाहीत. झोपताना मांडीच्या स्नायूंत जेवढे ग्लायकोजेन होते, जवळजवळ तेवढेच ते पहाटे पाच वाजताही असते. म्हणूनच ‘सकाळी पोट रिकामे, म्हणजे पायात ताकद नाही’ हे म्हणणे शास्त्राला धरून नाही. पायात ताकद नसेल, तर पिंप रात्री झोपतानाच अर्धे होते. (पहाटे अंग जड वाटण्याचे आणखी एक साधे कारण आहे : शरीराचे तापमान पहाटे दिवसातले सर्वांत कमी असते. त्यावर उपाय केळे नव्हे, दहा मिनिटांचा जास्तीचा वॉर्मअप हा आहे.)

## मग व्यायामाआधी खायचे की नाही?

याचे उत्तर घड्याळात नसून व्यायाम किती वेळ आणि किती जोराचा, यात आहे. सावकाश धावताना, म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा वेगाने धावताना, शरीर चरबी आणि कर्बोदके दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात वापरते. माझ्या बहिणीच्या सहा किलोमीटरला सुमारे 350 कॅलरी लागतात. त्यातली निम्मी ऊर्जा कर्बोदकांतून आली असे धरले, तर 45 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके खर्च होतात, आणि तीही बहुतांशी पायांच्या स्वतःच्या पिंपांतून. यासाठी आधी काही खाण्याची गरज नाही. उठल्यावर पेलाभर पाणी पुरेसे आहे.

तासभराच्या वजनांच्या व्यायामात ज्या स्नायूंनी काम केले, त्यांचा साठा साधारण पाव ते दोन पंचमांश एवढा उतरतो. हाही खर्च पिंपातूनच होतो आणि पिंप भरलेले असेल तर सहज पेलतो. तरीही इथे थोडे खाल्ल्याने अनेकांना फायदा होतो, आणि तो का होतो, हे मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये एका संशोधक गटाला प्रथम असे आढळले की ज्यांना रोज न्याहारीची सवय आहे, त्यांनी ती सोडली तर स्क्वॉटच्या फेऱ्या कमी होतात. नंतर त्याच गटाने त्याच लोकांना वेगवेगळ्या दिवशी एकदा खरी न्याहारी, एकदा तशीच दाट, पण जवळजवळ ऊर्जा नसलेली नकली न्याहारी आणि एकदा नुसते पाणी दिले. नुसत्या पाण्यापेक्षा दोन्ही न्याहाऱ्यांनंतर स्क्वॉटच्या फेऱ्या जास्त झाल्या, आणि दोन्हींमध्ये फारसा फरक पडला नाही. म्हणजे भुकेने कासावीस न होणे हाच त्या न्याहारीचा मोठा भाग होता. यातून मी एवढाच निष्कर्ष काढते की पहाटे ज्याला भूक जाणवतच नाही, त्याने कोणी सांगितले म्हणून केळे कोंबू नये, आणि ज्याला भुकेने व्यायामात लक्ष लागत नाही, त्याने ते बिनदिक्कत खावे.

खायचेच असेल तर 15 ते 30 ग्रॅम कर्बोदके पुरतात. सोललेले 100 ग्रॅमचे पिकलेले केळे म्हणजे 20 ते 23 ग्रॅम. दोन चमचे साखर घातलेला चहा म्हणजे 10 ग्रॅमच्या आसपास. तीन खजूर म्हणजे 15 ते 20 ग्रॅम. केळे पिकलेलेच हवे, कारण हिरवटसर केळ्यातला पिठूळ भाग लवकर पचत नाही. हेच नियम लावले तर पहाटे काय खाऊ नये, तेही कळते. शेंगदाण्यांचा लाडू, मूठभर बदाम, तूप घातलेला शिरा, पीनट बटर लावलेला पाव हे सगळे उत्तम पदार्थ आहेत. पण स्निग्धांश आणि तंतुमय भाग जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे पाऊण तासाने धावताना ते पोटात डचमळत राहतात. वजने उचलताना ते एक वेळ खपून जाईल, धावताना नाही.

## ‘खाल्ल्यावर उलट जास्तच थकवा येतो’

हा आक्षेप खरा आहे आणि तो वेळेशीच निगडित आहे. गोड खाल्ले की रक्तातली साखर वाढते आणि तिला पेशींत पोहोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. हे इन्सुलिन खाल्ल्यानंतर साधारण 30 ते 60 मिनिटांनी जोरात असते. नेमके तेव्हाच आपण धावायला लागलो, तर स्नायू हालचालीमुळे स्वतःही ग्लुकोज ओढून घेऊ लागतात. दोन्हीकडून मागणी एकाच वेळी आल्यामुळे पहिल्या दहा-वीस मिनिटांत रक्तातली साखर थोडा वेळ घसरते. 1970 च्या दशकाच्या शेवटी यावरून ‘व्यायामाआधी ग्लुकोज घेऊच नका’ असा सल्ला रूढ झाला होता. पण पुढच्या बहुतेक प्रयोगांत कामगिरीवर त्याचा परिणाम दिसला नाही आणि ही घसरण पुष्कळांना जाणवतही नाही. थोड्या लोकांना मात्र ती चांगलीच जाणवते : हात थरथरतात, घाम फुटतो, एकदम भूक लागते.

4:50 ला उठून 4:55 ला केळे खायचे आणि साडेपाचला व्यायाम सुरू करायचा, हे वेळापत्रक दुर्दैवाने बरोबर त्या खिडकीत बसते. ज्यांना त्रास होतो, त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे. खाणे व्यायामाच्या अगदी तोंडावर, म्हणजे पाच-दहा मिनिटे आधी किंवा वॉर्मअप चालू असतानाच घ्यावे. एकदा व्यायाम सुरू झाला की ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके इन्सुलिनला आवर घालतात आणि घसरण टळते. खजूर खिशात टाकून निघावे आणि व्यायामशाळेच्या जिन्यात खावे, इतकी ही गोष्ट साधी आहे.

## ‘खजूर तोंडात टाकताच मला बरे वाटते, ते खोटे का?’

खोटे नाही, पण त्याचे श्रेय पोटाला जात नाही. खजूर चावून गिळला की त्यातली साखर रक्तात पोहोचायला निदान दहा-पंधरा मिनिटे लागतात. एका मिनिटात तरतरी आली असेल, तर ती रक्तातल्या साखरेमुळे येऊ शकत नाही. 2004 साली बर्मिंगहॅममध्ये सायकलस्वारांवर झालेल्या एका प्रयोगात त्यांना कर्बोदकांचे बेचव द्रावण दिले गेले. ते प्यायचे नव्हते, फक्त चूळ भरून थुंकायचे होते. तरीही तासाभराच्या शर्यतीसारख्या चाचणीत त्यांचा वेळ जवळपास तीन टक्क्यांनी सुधारला. तोंडात कर्बोदके आल्याची खबर थेट मेंदूला मिळते आणि मेंदू हात सैल सोडतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ज्यांना पहाटे काही खाल्ले की मळमळते, त्यांच्यासाठी ही माहिती उपयोगाची आहे : साखरपाण्याची चूळही काही प्रमाणात काम करते. भरल्यापोटी मात्र तिचा परिणाम कमी दिसतो.

आता बहिणीच्या गरगरण्याकडे वळू. तिला नेमके केव्हा गरगरते, हे मी बारकाईने विचारले. दांडी ठेवल्यावर पाच-दहा सेकंदांत, आणि बाकावर बसले की अर्ध्या मिनिटात थांबते. रक्तातली साखर कमी होण्याचे लक्षण असे येत नाही आणि असे जातही नाही. ते हळूहळू चढते, बसल्याने जात नाही आणि गोड खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ओसरते. सेकंदांत येणारे आणि बसल्यावर जाणारे गरगरणे बहुधा रक्तदाबाचे असते. जड वजन उचलताना श्वास रोखला की दाब वाढतो, श्वास सोडल्यावर तो झपकन उतरतो, पायांच्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचते आणि मेंदूकडे क्षणभर कमी जाते. त्यात ती पहाटे पाण्याचा घोटही न घेता बाहेर पडत होती; रात्रभरानंतर शरीरात पाणी कमी असले की हे सगळे वाढते. उठल्यावर दोन पेले पाणी, वर येताना श्वास सोडणे आणि सेट संपल्यावर ताठ उभे न राहता दोन पावले चालणे, एवढ्यावर तिची तक्रार बंद झाली. शंका राहिलीच असती, तर गरगरतानाच ग्लुकोमीटरने साखर मोजून ती कायमची मिटवता आली असती. गरगरणे व्यायामाच्या मध्यात, छातीत दुखून किंवा धडधडून येत असेल, तर मात्र घरगुती तर्क बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

## ‘उपाशीपोटी चरबी जास्त जळते, हे तर सिद्ध झाले आहे’

त्या तासाभरापुरते ते खरे आहे. इन्सुलिन कमी असते तेव्हा शरीर चरबी जास्त वापरते, यात वाद नाही. पण त्या तासात खिशातले पैसे खर्च केले की बँकेतले, याने महिन्याअखेरची शिल्लक बदलत नाही. व्यायामात चरबी जास्त वापरली गेली, तर उरलेल्या दिवसात कर्बोदके जास्त वापरली जातात, आणि शेवटी दिवसभराच्या खाण्याचा आणि खर्चाचा हिशेबच ठरवतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात 20 तरुणींनी चार आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, तासभर व्यायाम केला; निम्म्या जणींनी उपाशीपोटी, निम्म्या जणींनी खाऊन. दोन्ही गटांचा आहार मोजून कमी ठेवला होता. दोन्ही गटांचे वजन आणि चरबी सारखीच उतरली. प्रयोग लहान होता, हे मान्य. पण ‘उपाशीपोटीच’ हा आग्रह धरण्याइतका फरक त्यात कुठेही दिसला नाही. कोणाला उपाशीपोटी सोयीचे वाटत असेल, तर त्याने तसे जरूर करावे. त्यात धोका नाही, फक्त वेगळा लाभही नाही.

## खरी चूक रात्रीच्या ताटात

शनिवारच्या जड पायांचे कारण शोधताना मी तिला आदल्या चार दिवसांचे जेवण लिहायला सांगितले आणि उत्तर वहीतच सापडले. वजन कमी करण्यासाठी तिने दोन महिन्यांपासून रात्रीची पोळी आणि भात बंद केला होता. रात्री पावणेदहाला पनीर, कोशिंबीर आणि सूप. म्हणजे दिवसातली शेवटची भरीव कर्बोदके दुपारी एक वाजता डब्यात, आणि व्यायाम पहाटे साडेपाचला. मधले अंतर साडेसोळा तास.

हिशेब असा निघाला. सकाळचे पोहे, साधारण 60 ग्रॅम कोरडे, म्हणजे 46 ग्रॅम कर्बोदके. दोन कपांचा गोड चहा 20. डब्यातल्या दोन पोळ्या आणि भाजी 50. संध्याकाळची चार बिस्किटे 18. रात्रीचे किरकोळ 10. एकूण 144 ग्रॅम, म्हणजे किलोमागे अडीच ग्रॅम. हलका व्यायाम करणाऱ्यांना दिवसाला किलोमागे 3 ते 5 ग्रॅम आणि रोज तासभर मध्यम व्यायाम करणाऱ्यांना 5 ते 7 ग्रॅम असा क्रीडापोषणातला सर्वसाधारण अंदाज आहे. तिच्यासाठी खालची मर्यादाही 174 ग्रॅम येते. आठवड्याच्या सुरुवातीला तिचे पिंप बऱ्यापैकी भरलेले असे, पण सोमवार ते गुरुवार रोज जेवढे काढले जात होते, तेवढे परत पडत नव्हते. शनिवारी 14 किलोमीटरला, म्हणजे सुमारे 800 कॅलरींच्या धावेला, 120 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके हवीत. दहाव्या किलोमीटरला तळ लागत होता.

उपाय म्हणून पहाटेचे काहीच बदलले नाही. रात्री दोन पोळ्या, एक वाटी भात आणि वरण परत आले. त्यातून साधारण 85 ग्रॅम कर्बोदके वाढली आणि बेरीज किलोमागे चारच्या जवळ गेली. ऊर्जा वाढू नये म्हणून पनीर निम्मे केले आणि संध्याकाळची बिस्किटे तिने आपणहून सोडली. रात्री पोळी खाल्ली की ती चरबीच होते, असा तिच्या मनातला धाक निघायला वेळ लागला. पण ज्याला पुढच्या आठ तासांत व्यायाम करायचा आहे, त्याच्या बाबतीत रात्रीचे जेवण हेच खरे ‘व्यायामाआधीचे खाणे’ असते. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवणाऱ्या आमच्या घरात हे कोणी कधी सिद्धांत म्हणून मांडले नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या आजीला रात्रीची भाकरी सोडून चालले नसते.

## व्यायामानंतर अर्ध्या तासात खाल्लेच पाहिजे का?

व्यायाम संपल्यानंतरचा काही काळ स्नायूंची दारे उघडी असतात. इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ते ग्लुकोज आत घेतात आणि पिंप भरण्याचा वेग जास्त असतो. खाणे दोन तास लांबवले तर त्या वेळचा वेग जवळपास निम्म्यावर येतो, हे 1980 च्या दशकात दाखवले गेले. ‘अर्ध्या तासाची संधी’ या कल्पनेला त्यातूनच बळ मिळाले. पण पुढे असेही दिसले की दिवसभरात कर्बोदके पुरेशी खाल्ली, तर खाणे लगेच सुरू केले काय किंवा दोन तासांनी, आठ तासांनंतर आणि चोवीस तासांनंतर दोन्हींचा साठा सारखाच भरतो. महानगरपालिकेचे पाणी सहाला आले किंवा आठला आले, तरी उद्या पहाटेपर्यंत पिंप भरायचेच असेल तर काय बिघडले?

कचेरीत जाणाऱ्या माणसाचा पुढचा व्यायाम 23 तासांनंतर असतो. त्यामुळे आंघोळ, डबा, लोकल या धावपळीत घास कोंबण्याची गरज नाही. सव्वानऊला जागेवर बसल्यावर डब्यातले पोहे किंवा दोन थालिपिठे खाल्ली तरी स्नायूंचे काही नुकसान होत नाही. घाई खरोखर करायची ती एकाच परिस्थितीत : सकाळी व्यायाम आणि त्याच दुपारी कचेरीची क्रिकेट किंवा बॅडमिंटन स्पर्धा असेल तेव्हा. दोन सत्रांत आठ तासांहून कमी अंतर असेल, तर पहिल्या चार तासांत ताशी किलोमागे 1 ग्रॅम, म्हणजे माझ्या बहिणीला तासाला 58 ग्रॅम, असे थोडे थोडे खात राहावे.

न्याहारी दुपारपर्यंतच लांबवणाऱ्यांबद्दल एक निरीक्षण नोंदवते. पिंपांचे त्याने बिघडत नाही, पण यकृताची टाकी रात्रीपासून उतरतच गेलेली असते, भूक साचत जाते, आणि अकरा वाजता कोणीतरी वाढदिवसाचे सामोसे आणतो. तिथे ठरवलेला हिशेब मोडतो. हे शरीरशास्त्र कमी आणि कचेरीशास्त्र जास्त आहे.

## मधुमेह असेल तर

वरचे सगळे ज्यांची साखर शरीर स्वतः सांभाळते, त्यांच्यासाठी आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये व्यायामात साखर खरोखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, कारण औषध चालूच राहते आणि यकृताला टाकी उघडू देत नाही. अशांनी व्यायामाआधी साखर मोजावी, 15 ग्रॅम जलद ग्लुकोज, उदाहरणार्थ तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड, जवळ ठेवावी, 70 च्या खाली आकडा आला तर ते घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि औषधाच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोलावे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो. काही मधुमेहींना उलटच अनुभव येतो : उपाशीपोटी जोराचा व्यायाम केल्यावर साखर वाढलेली दिसते. पहाटेची संप्रेरके आणि व्यायामाचा ताण यांमुळे यकृत गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज सोडते. तो आकडा बघून घाबरून जास्तीचे औषध घेऊ नये. तासा-दोन तासांनी पुन्हा मोजावे.

## आणि शर्यतीच्या दिवशी?

नव्वद मिनिटांच्या पुढे गेले की गणित बदलते. अर्धमॅरेथॉनला माझ्या बहिणीला अडीच तास लागतील. तिथे फक्त रात्रीच्या पोळीवर भागत नाही. उतरलेली टाकी आधी वर चढवावी लागते आणि वाटेत ताशी 30 ग्रॅम कर्बोदके घ्यावी लागतात. शर्यत पहाटेच सुटत असल्यामुळे तिला अडीच वाजता उठून किलोमागे साधारण एक ग्रॅम, म्हणजे 58 ग्रॅम कर्बोदके खाऊन पुन्हा आडवे व्हायचे आहे. तिने मऊ दहीभात निवडला. दीड वाटी भातात आणि एका केळ्यात हिशेब बसतो. याची रंगीत तालीम तिने डिसेंबरातल्या एका शनिवारी केली. पहिल्या खेपेला भातावर सवयीने तुपाची फोडणी पडली होती, आणि चौथ्या किलोमीटरला तिला रस्त्याकडेला थांबावे लागले. पुढच्या शनिवारी फोडणी नव्हती, खिशात चार खजूर होते, आणि ती 16 किलोमीटर धावली. घरी आल्यावर तिचा फोन आला तो फक्त खजुराच्या बियांचे काय करायचे हे विचारायला. धावताना त्या थुंकायच्या की आधीच काढून ठेवायच्या, हे मी सांगितलेच नव्हते.